अनुभवी अभियंत्याकडे मार्गदर्शन कसे मागावे आणि तो संबंध काही वर्षे दोघांच्याही उपयोगाचा कसा ठेवावा?

तलावपाळी_सांज (धागाकर्ती)

नमस्कार. ठाण्यातील एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या कार्यालयात मी पाच वर्षे नोकरी करत आहे. आमच्याकडे मुख्यत्वे जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटची कामे येतात. तीस वर्षे उलटलेल्या इमारतींना ऑडिट बंधनकारक असल्यामुळे पावसाळ्याच्या आधीचे महिने अतिशय धावपळीचे जातात आणि कार्यालयात शिकवायला कोणालाही सवड नसते. काँक्रीटच्या हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचण्यांचे, सळईच्या गंजाच्या हाफ-सेल चाचणीचे आकडे मी अहवालात व्यवस्थित मांडते. परंतु त्या आकड्यांवरून इमारत सी-२बी मध्ये घालायची, म्हणजे रहिवासी आत असतानाच दुरुस्ती करायची, की सी-२ए मध्ये घालून आधी घरे रिकामी करायला सांगायची, हा निर्णय आमचे साहेब दोन मिनिटांत घेतात आणि तो तसाच का घेतला, हे मला पुष्कळदा उमगत नाही. या निर्णयावर चाळीस कुटुंबांचा पावसाळा अवलंबून असतो, म्हणून तो मला समजून घ्यायचा आहे.

मार्च महिन्यात एका व्याख्यानाला गेले असताना एका निवृत्त अभियंत्यांशी ओळख झाली. दुरुस्तीच्या कामातला त्यांचा अनुभव पस्तीस वर्षांहून अधिक आहे. मी त्यांना निरोप पाठवला, "सर, मला आपले मार्गदर्शन हवे आहे." त्यांचे लगेच उत्तर आले, "जरूर. केव्हाही फोन करा." मी दोनदा फोन केला. एकदा ते लग्नघरात होते आणि दुसऱ्यांदा त्यांच्या जुन्या कामांविषयी चाळीस मिनिटे बोलले. ते ऐकायला मला आवडले, पण मला विचारायचे होते ते राहूनच गेले. त्यानंतर फोन करायला संकोच वाटू लागला. मी योग्य व्यक्ती निवडली आहे का, त्यांच्याकडे पुन्हा कसे जावे आणि हा संबंध चार-पाच वर्षे टिकावा असे वाटत असेल, तर माझ्याकडून त्यांना काय देता येईल?

जुना_चरईकर

ताई, आमच्या वेळी गुरू शोधायचा तो क्षेत्रातला सर्वांत मोठा माणूस शोधायचा. त्यांच्याकडे जाऊन बसायचे, पडेल ते काम करायचे, साइटवर त्यांच्या मागे हिंडायचे. प्रश्न विचारून विद्या मिळत नाही, सहवासातून मिळते. तुम्ही दोन फोनांत थांबलात, हे मला पटले नाही. चिकाटी ठेवा, जात राहा.

मुलुंड_चेकनाका

स्ट्रक्चर्समध्ये पीएचडी करण्याचा विचार असेल, तर गाइड निवडताना त्यांच्या हाताखालचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, हे सर्वप्रथम विचारावे. माझ्या भाचीला सहा वर्षे लागली. प्रवेश परीक्षेची तयारी लवकर सुरू करावी.

तलावपाळी_सांज

मुलुंड_चेकनाका, आभारी आहे. मात्र मला पीएचडी करायची नाही. नोकरी करतानाच निर्णय घ्यायला शिकवणारी व्यक्ती हवी आहे.

कोपरी_पूल

मी याच क्षेत्रात आहे. नऊ वर्षे एका ज्येष्ठ अभियंत्यांकडे नियमित जात आहे आणि गेली तीन वर्षे दोन तरुण अभियंते माझ्याकडे येतात, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्या जवळून पाहिल्या आहेत.

चरईकर काका म्हणतात त्यातली साइटवर सोबत फिरण्याची गोष्ट अगदी खरी आहे. खांबावर हातोडी मारल्यावर पोकळ आवाज कसा येतो, हे कोणी फोनवर शिकवू शकत नाही. पण 'सर्वांत मोठा माणूस' याविषयी माझे मत वेगळे आहे. ज्याला तो निर्णय स्वतः घ्यावा लागतो, किंवा अगदी अलीकडेपर्यंत घ्यावा लागत होता, असा माणूस हवा. नाव मोठे असलेले पुष्कळ जण गेल्या दहा वर्षांत स्वतः साइटवर गेलेले नसतात. अहवाल हाताखालचे लोक लिहितात आणि ते सही करतात. अशा व्यक्तीला "तुम्ही हे कशावरून ठरवले?" असे विचारले, तर उत्तर सर्वसाधारण मिळते. ते काही लपवत नाहीत, तो तपशील आता त्यांच्या हाताशी राहिलेला नसतो, इतकेच.

दुसरी गोष्ट मी अशी पाहतो की, "पूर्वी दिलेल्या एखाद्या शिफारशीविषयी आज तुमचे मत बदलले आहे का?" या प्रश्नावर त्यांना एखादे ठोस काम आठवते का. माझ्या सरांना पहिल्याच भेटीत मी हे विचारले. त्यांनी एका इमारतीच्या बाल्कन्यांविषयी सांगितले, ज्या त्यांनी जागच्या जागी दुरुस्त करायला सांगितल्या होत्या आणि ज्या चार वर्षांत पुन्हा सुटू लागल्या. आपली चूक तपशिलाने सांगणारा माणूस तुमची चूकही तपशिलाने दाखवतो. आपल्या साहेबांना मात्र या भूमिकेत पाहू नये. ज्यांच्या हाती पगारवाढ असते, त्यांच्यापुढे "मला हे समजले नाही" असे मोकळेपणाने म्हणवत नाही.

तुमच्या सरांविषयी सांगायचे तर व्यक्ती योग्य वाटते. अडचण तुमच्या निरोपात आहे. "मार्गदर्शन हवे आहे" या वाक्याला "जरूर" याखेरीज काय उत्तर देता येईल? त्यात प्रश्न नाही आणि किती वेळ द्यावा लागेल, याचा अंदाजही नाही. मग समोरचा माणूस त्याच्यापाशी जे असते ते देतो, म्हणजे आठवणी. तुमच्या हातात एखादे प्रत्यक्ष काम असू द्या, त्यावरचा तुमचा निर्णय आणि त्याची कारणे एका पानात लिहा आणि माझा विचार कुठे चुकला, एवढेच विचारा. पुन्हा निरोप लिहिलात, तर पाठवण्यापूर्वी इथे टाका.

ऐरोली_लोकल

मी एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. आमच्याकडे याचा रीतसर कार्यक्रम असतो. बारा महिने, दरमहा एक बैठक, सुरुवातीला दोघांनी भरायचा उद्दिष्टांचा तक्ता. कॅथी क्रॅम यांनी १९८३ मध्येच या संबंधाच्या चार अवस्था मांडल्या आहेत: सुरुवात, जोपासना, विलगता आणि नव्याने घडण. त्या चौकटीत नियोजन केले, तर पुढे प्रश्न उरत नाही. तलावपाळी यांनीही सरांकडे तक्ता घेऊनच जावे.

कोपरी_पूल

ऐरोली_लोकल, क्रॅम यांचा उल्लेख केलात हे बरे झाले, पण त्यांनी अमेरिकेतील एकाच कंपनीतल्या अठरा जोड्यांचा अभ्यास केला होता आणि त्या जोड्या बऱ्याच अंशी आपोआप जमलेल्या होत्या. त्यांच्या मांडणीत जोपासनेचा काळच दोन ते पाच वर्षांचा आहे, त्यामुळे बारा महिन्यांचा तक्ता तिच्यातून निघत नाही. निवृत्त माणसाला पहिल्याच भेटीत तक्ता भरायला दिला, तर तो अवघडेल असेही मला वाटते. त्यातली विलगतेची अवस्था मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. पाचव्या वर्षाच्या सुमारास माझी मते सरांपेक्षा वेगळी होऊ लागली आणि मी त्यांच्याकडे जाणे टाळू लागलो. आठ महिने गेलोच नाही. काहीतरी बिघडले आहे, असे आम्हा दोघांनाही वाटत होते. प्रत्यक्षात फक्त आमचे नाते बदलत होते. आता आम्ही दोन महिन्यांतून एकदा भेटतो आणि कधी कधी ते त्यांचे पान घेऊन येतात.

तलावपाळी_सांज

मी निरोप पुन्हा लिहिला आहे. आधी साहेबांना विचारून परवानगी घेतली. इमारतीचे आणि सोसायटीचे नाव गाळण्याच्या अटीवर त्यांनी होकार दिला.

"सर, नमस्कार. मार्चमधील व्याख्यानानंतर आपली भेट झाली होती. १९८८ साली बांधलेल्या, तळमजला अधिक चार मजल्यांच्या एका इमारतीत तळमजल्यावरील खांबांचे हॅमरचे आकडे चांगले आले, पण त्यांपैकी काही खांबांत अल्ट्रासोनिकचा वेग सेकंदाला तीन किलोमीटरच्या खाली आहे. मी सी-२बी सुचवले होते, साहेबांनी सी-२ए केले. माझी कारणे एका पानात लिहून सोबत पाठवली आहेत. माझा विचार कुठे चुकला, हे आपल्याकडून समजून घ्यायचे आहे. पुढील दोन्हींपैकी कोणत्याही शनिवारी सकाळी मी आपल्या सोयीच्या ठिकाणी अर्ध्या तासासाठी येऊ शकते. सध्या सवड नसेल, तर तसे निःसंकोच कळवावे."

कोपरी_पूल

उत्तम आहे. यात काही बदलू नका. फक्त ते पान खरोखर एकच ठेवा आणि चाचण्यांचे सगळे तक्ते जोडू नका. तक्ते भेटीला जाताना पिशवीत असू द्यावेत.

वाशी_सतरा

या चर्चेची दुसरी बाजूही मांडावीशी वाटते. मीही असाच एका ज्येष्ठ सल्लागारांकडे जात होतो. पहिले सहा महिने त्यांनी माझी गणिते तपासली आणि मी खूप शिकलो. मग त्यांनी एक एक्सेल करून मागितले. मग एका इमारतीचे ड्रॉइंग. दुसऱ्या वर्षी मी नोकरी सांभाळून, रात्री जागून त्यांचे पूर्ण अहवाल तयार करू लागलो. त्यावर माझे नाव नसे आणि मोबदलाही नसे. मी एकदा विषय काढला, तेव्हा "तू शिकतोयस ना?" असे उत्तर मिळाले. दोन वर्षांनी मागे वळून पाहिले, तेव्हा लक्षात आले की माझ्या स्वतःच्या कामावर ते शेवटचे बोलले, त्याला चौदा महिने होऊन गेले होते. म्हणून 'दोन्ही बाजूंना उपयोग' हे शब्द वाचले की मला भीती वाटते. तलावपाळी यांनी सुरुवातीलाच सांगून टाकावे की, कामाला मोबदला पडेल.

पाचपाखाडी_निवृत्त

मी चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. धागाकर्तीचे सर मी नाही, पण त्यांच्या जागी मी असू शकलो असतो.

वाशी_सतरा यांच्याबाबतीत जे घडले ते अयोग्यच होते. त्यांनी सांगितलेली खूण प्रत्येक तरुणाने ध्यानात ठेवावी: तुमच्या कामावर शेवटचे बोलणे केव्हा झाले? परंतु आम्हाला या भेटींतून काय हवे असते, तेही सांगतो. माझ्याकडे आजवर पंधरा-वीस मुले-मुली आली असतील. सल्ला घेतला, वाकून नमस्कार केला आणि गेली. त्या इमारतीचे पुढे काय झाले, माझे म्हणणे बरोबर ठरले की चुकले, हे सांगायला त्यांतील दोघे किंवा तिघेच परत आले. निवृत्तीनंतर साइट सुटते. मी १९९० च्या दशकात ज्या खांबांना जॅकेटिंग केले, ते आज कसे आहेत, हे पाहण्याची माझ्याकडे काहीच सोय नाही. ते मला कोणी येऊन सांगितले, तर तो त्या दिवसाचा माझा सर्वांत मोठा आनंद असतो. मला मिठाईचे खोके नको असते.

आणखी एक. चर्चेत मी काहीही म्हटले, तरी अहवालात "अमुक ज्येष्ठांच्या सल्ल्यानुसार" असे लिहू नये. जो सही करतो, त्याची जबाबदारी असते आणि मी ती इमारत पाहिलेली नसते. एका मुलाने असे लिहिले होते. त्यानंतर त्याच्याशी मोकळेपणाने बोलणे मला जमले नाही.

कोपरी_पूल

निवृत्त काकांचे म्हणणे मला शब्दशः पटते, कारण आमचा संबंध टिकला तो यामुळेच. तिसऱ्या वर्षी आमच्या कार्यालयाकडे अशी एक इमारत आली, जिची दुरुस्ती सहा वर्षांपूर्वी झाली होती. खांबांच्या खालच्या भागात खराब काँक्रीट काढून मायक्रो-काँक्रीट भरलेले होते. ते अजूनही घट्ट होते, पण त्याच्या अगदी वरच्या कडेला, जिथे जुने काँक्रीट सुरू होते, तिथे नव्याने भेगा पडलेल्या होत्या. आम्ही हाफ-सेल लावले, तर नव्या भागात आकडे सौम्य आणि कडेच्या वर उणे ३५० मिलिव्होल्टच्याही पलीकडे, म्हणजे सळई गंजत असण्याची शक्यता फार मोठी. आधी गंजणारा भाग नीट केल्यामुळे शेजारच्या भागाला तोपर्यंत मिळणारे संरक्षण गेले होते. सरांनी आयुष्यभर अशा दुरुस्त्या केल्या होत्या आणि कडेशी असे घडते, हे ते वाचून जाणत होते, पण स्वतः मोजलेले आकडे त्यांच्यापाशी नव्हते. मी नाव गाळून ती मापे नेली. त्या दिवशी आम्ही तीन तास बसलो. त्यानंतर ते मला विचारू लागले, "तुझ्याकडे दुरुस्तीनंतरचे आणखी काही आहे का?"

तलावपाळी, तुम्ही त्यांना काय देऊ शकता, याचे हे एक उत्तर आहे. प्रत्येक भेटीनंतर पंधरा दिवसांत चार ओळी पाठवा: तुम्ही असे म्हणालात, मी असे केले, असे निघाले. सल्ला मानला नसेल, तर तेही कारणासह लिहा. मी याची एक वही ठेवली आहे. डावीकडे त्यांचे म्हणणे, उजवीकडे पुढे काय झाले. चौथ्या वर्षी आम्ही ती दोघांनी मिळून वाचली. त्यांचा अंदाज कोणत्या प्रकारच्या इमारतींत चुकतो, ते त्यांनाही त्यातून समजले.

मोबदल्याविषयी मात्र मी वाशी_सतरा यांच्याशी पूर्ण सहमत नाही. पहिल्याच भेटीत पैशांची भाषा केली, तर ती भेट सल्लागार आणि ग्राहक यांची होते. त्यांनी एखादे काम सांगितले, की त्याच वेळी "हे मी शिकण्यासाठी करू की हे आपले व्यावसायिक काम आहे?" असे विचारावे.

वाशी_सतरा

तेवढे विचारण्याचे बळ चोवीस वर्षांच्या मुलात नसते, कोपरी_पूल. तुम्ही नऊ वर्षांनंतर हे बोलत आहात. माझ्या मते नियम आधी सांगितलेला बरा, पैशांचा नसेल तर निदान वेळेचा तरी.

जुना_चरईकर

वाशीकरांचा अनुभव वाचून वाईट वाटले. "पडेल ते काम करायचे" असे मी लिहिले होते, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे माझे स्वतःचे गुरू होते आणि ते सज्जन होते. सगळीकडे तसे नसते.

तलावपाळी_सांज

तीन महिन्यांनी परत लिहीत आहे. सरांनी निरोपाला त्याच संध्याकाळी उत्तर दिले आणि दुसऱ्या शनिवारी त्यांच्या घरी भेट झाली.

त्यांनी पान दोनदा वाचले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कार्बोनेशन किती खोल गेले होते?" तो आकडा माझ्या पानावर नव्हता, पिशवीतल्या तक्त्यात होता. पस्तीस ते चाळीस मिलिमीटर. "आणि सळईवरचे कव्हर?" प्लास्टर वगळता पंचवीस-तीस. त्यांनी पेन्सिलीने पानाच्या मागे खांबाचा छेद काढला आणि सांगितले की, हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग कठीण होतो, त्यामुळे हॅमर तिथे जास्त आकडा दाखवतो. हॅमर चांगला आणि अल्ट्रासोनिक वाईट यात मला विरोध दिसत होता, पण मुळात तो नव्हताच. हॅमर वरच्या थराविषयी बोलत होता आणि अल्ट्रासोनिक आतल्या भागाविषयी.

मग त्यांनी विचारले, "आता दुरुस्ती कशी करशील?" मी म्हटले, कव्हर सळईच्या मागेपर्यंत फोडावे लागेल. "तळमजल्याच्या खांबाचे एवढे काँक्रीट फोडताना वर चार मजल्यांत माणसे झोपलेली असतील, हे तुला चालेल का?" तेव्हा मला सी-२ए चा अर्थ कळला. मी खांब आज किती वाईट आहे, एवढेच पाहत होते. साहेबांनी दुरुस्ती चालू असताना तो किती उरेल, हे पाहिले होते.

पुढच्या आठवड्यात साहेबांच्या परवानगीने मी त्यांपैकी एका खांबाचा ताजा फोडलेला भाग फिनॉल्फथॅलीन फवारून पुन्हा तपासला. सळईच्या भोवती काहीच रंग आला नाही, म्हणजे कार्बोनेशन तिथवर पोहोचले होते, आणि तिच्या मागे बोटभर आत गेल्यावर गुलाबी कडा दिसू लागली. तो फोटो आणि चार ओळी सरांना पाठवल्या. त्यांचा फोन आला आणि या वेळी ते आठवणी न सांगता त्या खांबाविषयीच बोलले. आता दर सहा आठवड्यांनी शनिवारी पाऊण तास असे ठरले आहे आणि मीही वही सुरू केली आहे.

वाशी_सतरा यांचा सल्ला मी अर्धाच मानला. पैशांचे बोलले नाही, पण कार्यालयाच्या कामाचे दिवस सोडून महिन्यातून एकच सुट्टी मला देता येईल, असे सांगितले. त्यांनी "बरोबर आहे" म्हटले. काल मात्र त्यांनी विचारले की, त्यांच्या नात्यातील एका सोसायटीचे ऑडिट चालू आहे, तर त्या अहवालावर मी नजर टाकेन का. तो अहवाल दुसऱ्या कन्सल्टंटचा आहे आणि आमचे कार्यालय त्या परिसरात कामे घेते. मी अजून उत्तर दिलेले नाही.

पाचपाखाडी_निवृत्त

साहेबांना विचारल्याखेरीज तो अहवाल उघडूसुद्धा नका. आणि सरांना हेच कारण स्पष्ट सांगा. त्यांनी विचारताना हा विचार केला नसेल, इतकेच.

वाशी_सतरा

किंवा केला असेल. त्यांचे उत्तर काय येते, ते इथे नक्की लिहा.